बाबांच्या वर्षश्राद्धासाठी फोटोंचा व्हिडिओ : झूम भजनाच्या लयीत कसा बसवायचा?

आर्वीची_लेक

नमस्कार. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. गावातल्या समाजमंदिरात पडदा लावून त्यांच्या फोटोंचा चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा आहे. बाबा भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे आणि गायचेही. त्यांच्याच आवाजातलं एक भजन मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं सापडलं, तेच संगीत म्हणून घ्यायचं ठरलंय. त्यात काटछाट करायची नाही, हे घरात सगळ्यांचं पक्कं आहे.

फोटो ३८ जमलेत. मोबाईलवर KineMaster मध्ये लावले आणि प्रत्येकाला Pan & Zoom दिलं. पण पाहताना तीन गोष्टी डोळ्यांना खटकतात. प्रत्येक फोटो वेगळ्याच वेगाने पुढे येतो, काही तर अंगावर आल्यासारखे. सुरुवातीला फोटो खंजिरीच्या थापेवर बदलतात, पण शेवटाकडे सगळं भजनाच्या आधीच पळतं. आणि काही फोटो हलताना बारीक थरथरतात. जाणकारांनी सांगावं. दिखाऊ काही नको, बाबा शांतपणे पाहता आले पाहिजेत.

पुण्यातला_वऱ्हाडी

ताई, झूम नेहमी १०० टक्क्यांपासून ११० पर्यंत ठेवा, त्याच्या वर जाऊ नका. आणि प्रत्येक फोटोला Ease In and Out द्या, म्हणजे हालचाल हळू सुरू होऊन हळू थांबते, झटका बसत नाही. एक फोटो आत, पुढचा बाहेर, असं आलटूनपालटून केलं की कंटाळवाणं होत नाही. लयीसाठी ऑटो बीट असलेलं ॲप घ्या, ते स्वतःच ठोक्यावर फोटो बदलतं.

फ्रेमवाला_कारंजा

फोटो मोठा करायचा असेल तर आधी चांगल्या स्टुडिओतून नीट करून घ्या. बारा बाय अठराचा लॅमिनेशन केलेला चांगला दिसतो. हार लावायचा असेल तर वर चार बोटं जागा सोडायला सांगा.

आर्वीची_लेक

काका, भिंतीवरच्या फोटोचं काम झालंय. हे पडद्यावरच्या व्हिडिओचं विचारतेय.

दिग्रसचा_शूटिंगवाला

ताई, लग्नाचं मिक्सिंग करतो, पण गावाकडे तेरवीचे आणि पुण्यतिथीचे व्हिडिओही बरेच होतात. तुमच्या तिन्ही अडचणी वेगवेगळ्या आहेत. एकेक घेऊ.

आधी वेग. पुण्याच्या भाऊंनी ११० सांगितलं ते चूक नाही, पण अर्धंच आहे. समजा, तुमचा एक फोटो पाच सेकंद आहे आणि दुसरा दहा. दोन्हींना १०० ते ११० दिलं तर पाच सेकंदांचा फोटो दुप्पट वेगाने येणार. 'अंगावर आल्यासारखं' वाटतं ते यामुळेच. आकडा ठरवायचा तो शेवटचा नाही, सेकंदाचा. मी सेकंदाला एक टक्का धरतो. पाच सेकंदांचा फोटो १०० ते १०५ आणि दहा सेकंदांचा १०० ते ११०. मग फोटो लहान असो की मोठा, चाल सगळीकडे एकच राहते आणि पाहणाऱ्याला झूम जाणवतच नाही, माणूस तेवढा जवळ येतो. KineMaster मध्ये टक्के लिहिता येत नाहीत, चौकट बोटाने लहान करावी लागते. तिथे अंदाज असा : दहा सेकंदांसाठी शेवटची चौकट सुरुवातीच्या चौकटीपेक्षा रुंदीला साधारण अकराव्या भागाने लहान, पाच सेकंदांसाठी त्याच्या निम्म्याने.

आता Ease. फोटो एकदम कापून बदलत असेल, किंवा काळ्या पडद्यावरून येत असेल, तर ते चालतं. पण तुम्ही एका फोटोतून दुसरा विरघळत आणत असाल तर प्रत्येकाला Ease देऊ नका. पहिला फोटो संपताना थांबतो आणि दुसरा थांबलेल्या अवस्थेतून सुरू होतो, म्हणजे नेमकं विरघळताना पडद्यावर काहीच हलत नाही. पुढे जा, थांबा, पुढे जा, थांबा, असे हेलकावे बसतात. सरळ एकसारखी चाल ठेवा, म्हणजे Linear. हालचाल विरघळणं सुरू व्हायच्या आधीपासून चालू असली पाहिजे आणि फोटो पूर्ण दिसेनासा होईपर्यंत चालूच राहिली पाहिजे. Ease फक्त अगदी शेवटच्या फोटोला द्या, कारण तो थांबायलाच हवा.

आत-बाहेर आलटूनपालटून करू नका. आत जाणाऱ्या फोटोवर बाहेर येणारा फोटो विरघळला की डोळ्यांना उलटा हिसका बसतो. दिशा चार-पाच फोटो एकच ठेवा आणि कडवं बदलेल तिथे बदला. बाहेर येणारी हालचाल कशाला वापरायची? जिथे बाहेर काही दाखवायचं आहे तिथे. बाबांच्या चेहऱ्यावरून मागे येत येत सगळं मंडळ दिसतं, तिथे.

पुण्यातला_वऱ्हाडी

हेलकाव्याचं पटलं, आताच लावून पाहिलं. पण आलटूनपालटून न केल्यास सलग सगळे फोटो आतच जाताना मला जडच वाटतात. डोळ्यांना मोकळीक मिळत नाही.

दिग्रसचा_शूटिंगवाला

भाऊ, मोकळीक द्यायची तर मधे एखादा फोटो अजिबात न हलवता ठेवा. दिशा बदलण्यापेक्षा ते जास्त काम करतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र फोटो न विरघळवता साधा कट घ्या.

खंजिरीवाला_आबा

ताई, आटो बीटच्या नादी लागू नका. आमच्या मंडळाचं भजन काई घड्याळावर वाजत नाई. खंजिरी हातानं वाजते. भजन ठाय लयीत सुरू होते आन् शेवटी चढते. मशीन पयल्या मिनिटाची लय मोजन आन् तीच शेवटपर्यंत धरन, मंग बसते का? तुमच्या बाबाच्या भजनात सुरुवातीले आलाप हाय काय? असन तर त्याले ठेका नसतेच, तिथं थाप शोधू नका. ठेका आठ मात्राचा असन, तर पयली मात्रा म्हंजे सम. तिथं खंजिरीचा जोराचा बोल पडते आन् भजनातला शब्दही बहुतेक तिथंच येऊन बसते. सम सापडली का सारं सापडलं. डोये मिटून आयका आन् समेवर मांडीवर हात मारा. जिथं हात पडन तिथं फोटो बदलवा.

आर्वीची_लेक

आबा, तुम्ही सांगितलं तसं ऐकलं. सुरुवातीला बाबा वीस सेकंद नुसते गातात, ठेका नाही. मग आठ मात्रांचा ठेका सुरू होतो, सम ते सम साधारण पाच सेकंद. असं दोन मिनिटं चाळीस सेकंद चालतं. मग बाबा लय चढवतात आणि शेवटचं एक मिनिट सम ते सम तीनच सेकंदांत येते. मी आधी शेवटपर्यंत ठेका पाच सेकंदांचाच धरला होता.

दिग्रसचा_शूटिंगवाला

मग हिशेब मांडून टाकू, कारण यातूनच किती फोटो बसतात ते कळेल.

पहिले वीस सेकंद दोन फोटो. ठेका नाही, म्हणून बाबा जिथे श्वास घेतात तिथे बदला, मधे कुठेही नाही. सम ते सम म्हणजे एक आवर्तन. पुढचे १६० सेकंद म्हणजे पाच-पाच सेकंदांची ३२ आवर्तनं. चेहऱ्याचे, मनात राहावेत असे बारा फोटो निवडा आणि त्यांना दोन-दोन आवर्तनं द्या, म्हणजे दहा सेकंद. ती झाली २४. उरलेल्या आठ आवर्तनांत एकेक फोटो, पाच सेकंदांचा. तिथे शेत, बैलजोडी, शाळा असे फोटो टाका, जे एका नजरेत कळतात.

शेवटच्या मिनिटात २० आवर्तनं आहेत. लय चढली म्हणून फोटो भरभर बदलायचा मोह होतो, तो आवरा. चार-चार आवर्तनांना एक फोटो द्या, बारा सेकंदांचा. पाच फोटोंत मिनिट भरलं. झूमची चाल तीच ठेवा, सेकंदाला एक टक्का. भजन धावतंय आणि चित्र शांत आहे, हे फार चांगलं दिसतं.

एकूण झाले २७ फोटो. म्हणजे ११ बाहेर ठेवावे लागतील.

आता शेवटी पळतं ते का? एक कारण चढणारी लय, ते आबांनी सांगितलं. दुसरं ॲपमधलं आहे. दोन फोटोंमधे एक सेकंदाचं विरघळणं लावलं की दोन्ही फोटो एक सेकंद एकमेकांवर चढतात आणि पुढचं सगळं एक सेकंद अलीकडे सरकतं. २७ फोटोंत २६ जोड. म्हणजे शेवटचा फोटो तब्बल २६ सेकंद आधी येतो. पहिल्या दोन-तीन फोटोंत हे कळत नाही, म्हणून लोक भजनाला दोष देतात. उपाय साधा. दहा सेकंदांचा फोटो अकरा सेकंदांचा करा, पाचाचा सहाचा. पहिल्या आणि शेवटच्या फोटोला एकाच बाजूला जोड आहे, त्यांना अर्धा सेकंदच वाढवा. आणि झूम त्या पूर्ण अकरा सेकंदांत पसरवा, दहात नाही. नाहीतर विरघळताना चित्र थांबेल आणि पुन्हा तेच हेलकावे.

सम विरघळण्याच्या मधोमध आली पाहिजे. म्हणजे विरघळणं समेच्या अर्धा सेकंद आधी सुरू करायचं. समेवरच सुरू केलं तर नवा चेहरा डोळ्यांना दिसेपर्यंत सम निघून जाते आणि व्हिडिओ भजनाच्या मागे रेंगाळल्यासारखा वाटतो.

खंजिरीवाला_आबा

हिशेब बराबर हाय. पण शेवटचं मले पटत नाई भाऊ. मानूस लय चढवते तवा त्याचा जीव त्यात असते. चित्र तसंच सुस्त ठिवलं तं ऐकनाऱ्याच्या अंगावर येनारं भजन वाया जाते. जरासा वेग वाढवाच.

दिग्रसचा_शूटिंगवाला

आबा, तुमचं म्हणणं गाणाऱ्याच्या बाजूचं आहे. पण ताईंना बाबा शांतपणे पाहायचे आहेत. ताई, दोन्ही करून घरच्यांना दाखवा. वाढवायचाच तर सेकंदाला दीड टक्क्यापर्यंत, त्याच्या वर नाही. बारा सेकंदांत ते १८ टक्के होतं. म्हणजे फोटो तेवढा मोठा असायला हवा, नाहीतर शेवटी चेहरा धूसर होईल.

सुनंदा_मूल

हा धागा वाचतेय, कारण माझ्या आजीचंही असंच करायचं आहे. पण आमच्याकडे तिचा एकच फोटो आहे, मामाच्या लग्नातला. वीस-पंचवीस बायका उभ्या आहेत आणि आजी मागच्या रांगेत. तिचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा. त्यावर झूम करून पूर्ण पडदाभर चेहरा आणता येईल का? व्हॉट्सॲपवर मामेभावाने फोटो पाठवलाय.

दिग्रसचा_शूटिंगवाला

ताई, व्हॉट्सॲपवरचा घेऊ नका, तो लहान होऊन येतो. मामेभावाला सांगा, कागदी फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणून पाठव. झेरॉक्सच्या दुकानात बहुतेक स्कॅनर असतो, फक्त ६०० सांगावं लागतं, नाहीतर ते २०० वर काढून देतात.

पण ६०० वरही मर्यादा आहे. चेहरा आठ मिलिमीटरचा असेल तर तो साधारण १९० पिक्सेलचा मिळेल. पडद्याची उंची १०८० पिक्सेल. चेहरा पडद्याच्या निम्म्या उंचीएवढा केला तर जवळपास तिप्पट ताणला जाईल आणि नाकडोळे विरघळतील. म्हणून तिथपर्यंत जाऊच नका. पूर्ण फोटोपासून निघा आणि आजीच्या आजूबाजूच्या दोघी-तिघी चौकटीत राहतील तिथे थांबा. मधे आजी आहे हे सगळ्यांना कळतं. एकच फोटो आहे तर तो एकदाच वीस सेकंद दाखवा, पुन्हा पुन्हा नको.

एक महत्त्वाचं. आजी कडेला असेल तर झूम फोटोच्या मधोमध करून नंतर तिच्याकडे वळू नका. सुरुवातीची चौकट पूर्ण फोटोची आणि शेवटची चौकट आजीभोवती, एवढंच द्या. ॲप आपोआप तिरक्या रेषेत नेतं. झूम आणि सरकणं एकाच वेळी सुरू, एकाच वेळी बंद.

सुनंदा_मूल

आणि त्या फोटोत आजीची साडी चौकड्यांची आहे. मामेभावाने आधी केलं होतं तेव्हा साडीवर पाणी वाहिल्यासारखं दिसत होतं. ते कशाने?

दिग्रसचा_शूटिंगवाला

बारीक चौकडा आणि पडद्याचे पिक्सेल जुळत नाहीत, आणि झूममुळे ते न जुळणं दर क्षणी बदलतं, म्हणून लाट दिसते. पेपरात छापलेल्या फोटोला तर हे हमखास होतं, कारण तो ठिपक्यांचाच बनलेला असतो. फोटो झूम करायच्या आधी अगदी किंचित धूसर करा, चेहऱ्याला कळणार नाही इतपत. तरी गेलं नाही तर तो फोटो न हलवता ठेवा.

आर्वीची_लेक

दादा, माझ्या फोटोंची थरथर मात्र साडीत नाही. बाबा शाळेच्या फळ्यासमोर उभे आहेत, त्या फळ्याची कड थरथरते. आणि जितका झूम हळू केला तितकी जास्तच. एक टक्क्यावर आणल्यावर तर आधीपेक्षा जास्त दिसते.

दिग्रसचा_शूटिंगवाला

तुम्ही बरोबर जागी पाहिलंत, सरळ कडेवरच ती ओळखू येते. फळा, खिडकी, दुकानाची पाटी. चेहऱ्यावर कळत नाही.

कारण असं : पडदा १९२० पिक्सेल रुंद. सेकंदाला एक टक्का म्हणजे चित्र सेकंदाला १९ पिक्सेल फुगतं, म्हणजे एकेका कडेला साडेनऊ. सेकंदात २५ चित्रं असतात, तेव्हा दर चित्राला कड अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी सरकायला हवी. काही ॲप्स अर्धा पिक्सेल सरकवत नाहीत, पूर्ण पिक्सेलच सरकवतात. मग कड दोन चित्रं जागेवर थांबते आणि तिसऱ्याला टुणकन उडी मारते. वेगाने जाताना ही उडी लपते, हळू जाताना दिसते.

आधी व्हिडिओ एक्स्पोर्ट करून टीव्हीवर पाहा. मोबाईलमधल्या झलकीत फोन अडखळतो म्हणूनही थरथर दिसते आणि तयार फाईलमधे ती नसते. तयार फाईलमधेही असेल तर तेवढे फोटो लॅपटॉपवर करावे लागतील. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती चालेल, त्यात Dynamic Zoom चालू केलं की हिरवी चौकट सुरुवातीची आणि लाल शेवटची. पण त्याला बऱ्यापैकी तगडा लॅपटॉप लागतो.

पुण्यातला_वऱ्हाडी

लॅपटॉप जुना असेल तर ffmpeg, म्हणजे आज्ञा लिहून चालवायचं फुकट सॉफ्टवेअर. त्याच्या zoompan या झूमच्या फिल्टरमधेही हीच थरथर येते, पण फोटो आधी चौपट मोठा करून घेतला की उडी चौपट बारीक होते आणि दिसत नाही. अकरा सेकंदांच्या एका फोटोसाठी हे. झूम मधोमध जातो, चेहरा कुठे आहे ते पाहून `y` बदलावा लागेल :

```
ffmpeg -i fala.jpg -vf "scale=7680:4320:force_original_aspect_ratio=increase,crop=7680:4320,zoompan=z='1+0.11*on/275':x='iw/2-iw/zoom/2':y='ih/2-ih/zoom/2':d=275:s=1920x1080:fps=25" -pix_fmt yuv420p fala.mp4
```

२७५ म्हणजे २५ गुणिले ११. सहा सेकंदांच्या फोटोला दोन्ही ठिकाणी १५० करा आणि 0.11 च्या जागी 0.06. हे चालायला वेळ घेतं, लॅपटॉप बंद पडला असं समजू नका. तयार झालेला तुकडा KineMaster मधे फोटोच्या जागी टाका आणि तिथे पुन्हा झूम देऊ नका. फोटो उभा असेल तर मात्र ही आज्ञा वरखाली बरंच कापेल.

आर्वीची_लेक

बाबांचे निम्मे फोटो उभेच आहेत. एका फोटोत ते मांडी घालून बसलेत, खंजिरी हातात. हातापासून वर चेहऱ्यापर्यंत न्यायचं आहे, पण ते लिफ्टसारखं भरकन जातं.

दिग्रसचा_शूटिंगवाला

उभा फोटो रुंदीला पडदाभर केला की त्याची उंची पडद्याच्या अडीचपट-पावणेतीनपट होते. तळापासून टोकापर्यंत न्यायला दहा सेकंद कमीच. मी सेकंदाला पडद्याच्या उंचीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त सरकवत नाही. म्हणजे दहा सेकंदांत अर्धा पडदा. खंजिरीपासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर तेवढ्यात बसत असेल तर न्या. बसत नसेल तर सुरुवातीची चौकट मोठी घ्या. खंजिरीचा वरचा भाग आणि हनुवटी आधीपासूनच दिसत असू द्या, मग वर जायला अंतर थोडं राहतं.

हा फोटो चढत्या लयीतल्या बारा सेकंदांना ठेवा. चेहरा चौकटीत पूर्ण यायची वेळ चौथ्या आवर्तनाच्या समेवर आणा, म्हणजे नवव्या सेकंदाला. उरलेले तीन सेकंद चेहरा दिसत राहील. आणि समाजमंदिरात प्रोजेक्टर दिवसा लावणार असाल तर फोटो थोडे उजळ करा, जुने काळपट फोटो भिंतीवर काहीच दिसत नाहीत. टीव्ही असेल तर कडा थोड्या कापल्या जाऊ शकतात, म्हणून नाव-तारीख अगदी काठाला लिहू नका.

आर्वीची_लेक

वेग आणि जोड दोन्ही जमले. समेवर फोटो बरोबर येतायत, शेवटपर्यंत. फळ्याचा फोटो भाच्याच्या लॅपटॉपवर त्या आज्ञेने केला, थरथर गेली.

चढत्या लयीचं घरी दोन्ही दाखवलं. आईला शांत आवडलं. मंडळातल्या काकांना आबा म्हणतात तसं हवं आहे. अजून ठरलं नाही. आणि ते ११ फोटो. आत्या म्हणते तिच्या राखीचा फोटो नसेल तर ती येणारच नाही, आणि तो फोटो अगदी लहान आणि पिवळा पडलेला आहे.

खंजिरीवाला_आबा

आत्याचा फोटो घ्याच. आलापात टाका, बाबा श्वास घेतात त्याच्या अगोदरचा. तिथं ठेका नाई, फोटो लहान असला तरी चालते.

दिग्रसचा_शूटिंगवाला

आबांचं बरोबर आहे. फक्त तो पडदाभर ताणू नका. काळ्या पार्श्वभूमीवर त्याच्या मापात ठेवा, पडद्याच्या निम्म्या उंचीएवढा, आणि सेकंदाला अर्धा टक्काच झूम द्या. पिवळेपणा काढू नका, तो त्या फोटोचाच आहे. मग उरतात दहा. ते भजन सुरू व्हायच्या आधी लोक बसत असताना पडद्यावर एकेक करून दाखवता येतील, न हलवता, आवाजाशिवाय.

सुनंदा_मूल

दादा, आमच्याकडे आजीच्या आवाजातलं काही नाही. जात्यावरची ओवी मावशी म्हणते, ती रेकॉर्ड केली तर? तिला खंजिरी-टाळ काहीच नाही. सम कुठे धरायची?

खंजिरीवाला_आबा

ओवीत सम शोधू नका माय. मावशी ओळ संपवून थांबते ना, तिथं बदलवा. जातं खरंच फिरत असन तं त्याच्या आवाजाचाही एक फेर असते, तो आयका. रेकॉर्ड करताना जातं सुरूच ठिवा.